४ टक्क्यांचे ४.०८ कसे झाले? आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या आधी आठवडाभर आपल्या संस्थेचे एक पत्रक फोंड्यात घरोघर पोचले. आमच्याकडे ते दुधाच्या पिशवीबरोबर आले. वर गणपती, खाली ठळक अक्षरांत तीन ओळी: ‘बचत खात्यावर ४ टक्के व्याज. व्याजाची मोजणी रोजच्या रोज. प्रत्यक्ष वार्षिक उत्पन्न ४.०८ टक्के.’ पहिली ओळ खरी आहे, दुसरीही खरी आहे. तिसरी खरी नाही. पहिल्या दोन खऱ्या असताना तिसरी खोटी कशी ठरते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

ते उघड पत्र म्हणून लिहिण्याचे कारण म्हणजे मी काउंटरवर हा प्रश्न दोनदा विचारला. एकदा ‘सॉफ्टवेअरच तसे दाखवते’ असे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्यांदा ‘मावशी, आठ पैशांचा तर प्रश्न आहे’ असे. मी एका बँकेच्या बचत विभागात एकतीस वर्षे काढली आहेत, त्यातली बरीचशी संगणक येण्यापूर्वीची. व्याज हाताने मोजले आहे, चुकले की रात्री आठपर्यंत बसून शोधले आहे. आठ पैशांचा प्रश्न हा माझ्यासाठी टिंगलीचा विषय नाही.

आधी माझे पासबुक उघडते. १ एप्रिल २०२४ रोजी माझ्या बचत खात्यावर बरोबर १,००,००० रुपये होते आणि पुढचे वर्षभर मी त्याला हात लावला नाही. ३० सप्टेंबरला व्याजाची नोंद आहे २,००५ रुपये. ३१ मार्चला दुसरी नोंद आहे २,०३५ रुपये. दोन्ही मिळून ४,०४० रुपये, म्हणजे लाखावर ४.०४ टक्के. आपल्या पत्रकाप्रमाणे मला ४,०८१ मिळायला हवे होते. मधले ४१ रुपये कुणी खिशात घातलेले नाहीत, ते कधी निर्माणच झाले नव्हते.

४,००० च्या वरचे हे ४० रुपये आले कुठून, ते आधी पाहू. ४ टक्के हा घोषित दर. त्यात वर्षाचा दर सांगितलेला असतो, पण ते व्याज वर्षातून किती वेळा खात्यावर चढेल हे त्यात कुठेच नसते. व्याज वर्षअखेरीस एकदाच जमा झाले तर लाखाला ४,००० मिळतात आणि विषय संपतो. सहा महिन्यांनी अर्धे जमा झाले, तर ते साधारण २,००० रुपये पुढचे सहा महिने माझ्या शिलकीचा भाग होतात आणि त्यांच्यावरही ४ टक्के दर चालू होतो. २,००० रुपयांचे सहा महिन्यांचे व्याज ४० रुपये. ४.०४ मधले शेवटचे ०.०४ ते एवढेच. (२,००० ऐवजी २,००५ दिसते, कारण एप्रिल ते सप्टेंबर १८३ दिवस भरतात आणि दुसऱ्या सहामाहीत १८२.)

आता हेच व्याज दर तीन महिन्यांनी जमा केले असे धरा. जूनअखेरचे १,००० रुपये पुढे नऊ महिने राबतात आणि ३० रुपये मिळवतात. सप्टेंबरअखेरचे १,००० सहा महिने राबून २० रुपये मिळवतात, डिसेंबरअखेरचे १,००० तीन महिन्यांत १० रुपये. एकूण ६० रुपये झाले. त्या ३०-२० रुपयांवरही पुन्हा थोडे व्याज चढते, ते सुमारे ४० पैसे. म्हणजे ४,०६०.४०. ज्यांना सूत्र हवे आहे त्यांनी ते ताडून पाहावे, उत्तर तेच येते. पण सूत्रात आकडे घातले की उत्तर मिळते आणि कारण दिसत नाही, म्हणून मी ते मागे ठेवले आहे. घोषित दर आणि प्रत्यक्ष उत्पन्न यांच्यातली फट म्हणजे वर्ष संपण्याआधी जमा झालेल्या व्याजाने उरलेल्या दिवसांत केलेली कमाई. तिच्यात यापेक्षा अधिक गूढ काही नाही.

मग पत्रकातले ४.०८ कुठून आले? माझा अंदाज असा, आणि चुकीचा असेल तर सभेत दुरुस्त करावा. पत्रक तयार करणाऱ्याने एक्सेल उघडले. त्यात यासाठी एक तयार फंक्शन आहे. त्याला दर द्यायचा आणि वर्षातून व्याज किती वेळा जमा होते तो आकडा द्यायचा.

```
=EFFECT(4%,2)      4.04%
=EFFECT(4%,4)      4.06%
=EFFECT(4%,365)    4.08%
```

संस्था व्याज ‘रोज मोजते’, म्हणून त्याने ३६५ घातले. तिथे २ हवे होते. फंक्शनला मोजणी किती वेळा होते हे नको असते, जमा किती वेळा होते ते हवे असते. पत्रकाची सगळी चूक या एका आकड्यात आहे.

मोजणी आणि जमा हे दोन शब्द आपल्याकडे एकात एक मिसळले जातात, म्हणून जरा थांबून सांगते. आपली संस्था रोज संध्याकाळी प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक पाहते, तिच्यावर एका दिवसाचे व्याज काढते आणि ते बाजूला नोंदवून ठेवते. लाखावर एका दिवसाचे १० रुपये ९६ पैसे होतात. ती नोंद माझ्या खात्यात नसते. ती संस्थेच्या ताळेबंदात देणी बाजूला ‘ठेवींवरील देय व्याज’ या नावाने बसलेली असते. आपल्याच वार्षिक अहवालात ती ओळ दरवर्षी छापली जाते. हे देय व्याज माझ्या नावाचे आहे, मला मिळणार आहे, पण ते माझी शिलकी रक्कम नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची मोजणी पुन्हा १,००,००० वरच होते, १,००,०१०.९६ वर होत नाही. १ एप्रिलचे १० रुपये ९६ पैसे ३० सप्टेंबरपर्यंत नुसते बसून राहतात.

आमच्या भाटातले उदाहरण देते. माडावर नारळ रोज भरत असतो. घरधनी खाली उभा राहून रोज मोजू शकतो, आज एवढे भरले, काल एवढे होते. पण पाडेली चढून पाडणी करीत नाही तोवर त्यातला एकही नारळ रुजायला घालता येत नाही. रोज मोजल्याने माड वाढत नाहीत, पाडणी कधी होते त्यावर ते अवलंबून. आपली संस्था मोजते रोज आणि पाडणी करते सहा महिन्यांनी. तरी पत्रकात मात्र रोज पाडणी होत असल्यासारखी रोपे दाखवली आहेत.

कुणी म्हणेल, मग रोजच जमा करा म्हणजे उत्पन्न वाढतच जाईल. तसेही नाही, आणि हे सभासदांनीही लक्षात घ्यावे. ४ टक्के दराला लाखावर वर्षातून एकदा जमा केले तर ४,०००, दोनदा ४,०४०, चारदा ४,०६०, बारा वेळा ४,०७४, आणि ३६५ वेळा ४,०८१. तासातासाला, क्षणाक्षणाला जमा केले तरी ४,०८१ च्या पुढे पैशांत फरक पडतो, रुपयांत नाही. म्हणजे ही सगळी फट जास्तीत जास्त ८१ रुपयांची आहे आणि त्यातले निम्मे नुसते एकदाचे दोनदा केल्याने मिळतात. ‘डेली कंपाउंडिंग’ असे ओरडून सांगणाऱ्या जाहिराती कुठल्याही बँकेच्या असोत, ४ टक्के दराला त्या दरमहा व्याज जमा करणाऱ्या बँकेपेक्षा लाखामागे वर्षाला सात रुपये जास्त देतात. तेवढ्यात फोंडा बाजारात चहा मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग एकतीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईने ४१ रुपयांसाठी एवढे लिहायचे कारण काय? कारण दोन आहेत. एक माझे, दुसरे आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचे.

तिचे आधी. ती म्हार्दोळला देवळापाशी फुले विकते आणि लग्नाच्या हॉलना सजावटीला फुले पुरवते. तिचे बचत खाते इतकी वर्षे पोस्टात होते. आपले पत्रक घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘मावशी, पोस्टात चार, इथे पण चार, आणि हे चार पॉइंट शून्य आठ कुणाचे?’’ तिचा समज असा झाला होता की दोन ठिकाणांत फरक आहे तो फक्त या आठ पैशांचा, आणि तेवढ्यासाठी कोण खाते हलवणार. मी तिचे पासबुक मागून घेतले.

तिच्या पैशांची चाल ठरलेली आहे. सुमारे १०,००० रुपये खात्यावर कायम असतात. हॉलवाले महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास तिचे बिल चुकते करतात, साधारण २०,००० रुपये. २८ तारखेला ती तेवढेच काढते, फुलांच्या मळेवाल्यांना आणि भिशीला. हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून मी प्रत्येक महिन्यात याच तारखा आणि याच रकमा धरल्या.

पोस्टाच्या बचत खात्याचा नियम वेगळा आहे आणि तो उघड छापलेला आहे: महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यावर जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज, आणि ते जमा होणार आर्थिक वर्षाच्या अखेरीस एकदाच. या मुलीचे २०,००० रुपये १२ तारखेला येतात, म्हणजे १० ला ते नसतात. २८ ला जातात, म्हणजे महिनाअखेरीसही नसतात. मधले सोळा दिवस ते खात्यावर असतात, पण या नियमाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. तिला बाराही महिने व्याज मिळते ते फक्त १०,००० वर. वर्षाचे ४०० रुपये.

तेच पैसे, त्याच तारखांना, आपल्या संस्थेत ठेवले असते तर? रोजच्या शिलकीवर मोजणी असल्यामुळे ते सोळा दिवसही धरले जातात. वर्षाचे १९२ दिवस २०,००० रुपयांवर ४ टक्क्यांनी होतात ४२१ रुपये. कायमच्या १०,००० चे ४०० मिळून झाले ८२१. सहामाही जमेमुळे पहिल्या सहामाहीच्या ४११ रुपयांनी पुढे मिळवलेले आणखी ८ रुपये धरले तर ८२९.

दोन्हीकडे फलकावर ४ टक्केच. एकीकडे ४००, दुसरीकडे ८२९. या ४२९ रुपयांत चक्रवाढीचे फक्त ८ आहेत, उरलेले ४२१ शिल्लक कशी धरली जाते त्याचे आहेत. वर्षभरात तिच्या खात्यावर दिवसाला सरासरी साडेवीस हजार रुपये होते. त्यावर ४०० रुपये म्हणजे १.९५ टक्के. ज्या खात्याचा घोषित दर ४ आहे, त्याने या बाईला २ टक्केही दिले नाहीत, आणि कुठलाही नियम न मोडता दिले नाहीत.

पोस्टाला दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. ज्याचे पैसे महिनोन्महिने हलत नाहीत त्याला या नियमाने काही तोशीस पडत नाही, त्याला तिथे लाखाला पुरे ४,००० मिळतात. शिवाय तिथल्या पैशांना सरकारची हमी आहे. आपली संस्था पतसंस्था आहे, बँक नाही. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना जे विमा संरक्षण असते ते आपल्या ठेवींना नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोडला. व्याजाच्या हिशेबात ठेवीची सुरक्षितता येत नाही, ती वेगळी पाहावी लागते.

हा दहा तारखेचा नियम एके काळी सगळ्याच बँकांचा होता. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे त्यातच गेली. लेजरच्या पानावर प्रत्येक महिन्यासमोर ‘१० ते अखेर’ची किमान शिल्लक लिहायची, सहा महिन्यांची बेरीज करायची, मग दराने गुणायचे. जाणती माणसे १० तारखेच्या आत पैसे भरायला यायची. ९ आणि १० तारखेला आमच्या काउंटरवर रांग असायची, ११ तारखेला शुकशुकाट. महिनाअखेरीला कुणी मोठी रक्कम काढायला आले की आम्हीच हळूच सांगायचो, चार दिवस थांबा, व्याज जाईल. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून बँकांना रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावले आणि ती रांग संपली. पुढे २५ ऑक्टोबर २०११ रोजी बचत खात्याचा दर ठरवण्याची मोकळीकही बँकांना मिळाली. त्याआधी तो सगळीकडे एकच असे, शेवटी शेवटी ४ टक्के. आज जाहिरातींत दराचे आकडे नाचतात ते त्या दिवसानंतरचे. पण माझ्या मते बचत खातेदाराचे खरे भले झाले ते २०१० च्या बदलाने, आणि त्याची जाहिरात कुणी फारशी केली नाही.

आपल्या संस्थेवर रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत. आपण गोवा सहकारी संस्था कायद्याखाली, निबंधकांच्या देखरेखीखाली येतो. तरीही संचालक मंडळाने स्वतःहून रोजच्या शिलकीची पद्धत घेतली, याबद्दल मला मनापासून समाधान आहे. पत्रकात अभिमानाने सांगायचे असेल तर हे सांगा. फुलवालीला ४०० चे ८२९ यातून होतात. तुम्ही मात्र जो फायदा देता तो नुसत्या एका ओळीत उरकलात आणि जो देत नाही त्याचा आकडा छापलात.

आता माझे कारण. याच संस्थेकडून मी घराच्या कौलांसाठी कर्ज घेतले आहे, १२ टक्के दराने. कर्जखात्याच्या उताऱ्यात व्याज दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी नावे पडते. म्हणजे मी देणे लागते ते व्याज वर्षातून बारा वेळा चढते, आणि मला येणे असते ते दोनदा. १२ टक्के दर महिन्याला १ टक्का याप्रमाणे चढला तर वर्षाला प्रत्यक्ष १२.६८ टक्के होतो. कर्जाच्या फलकावर तुम्ही १२ लिहिता, १२.६८ नाही. ठेवीच्या फलकावर ४ लिहिता आणि शेजारी ४.०८ ही लिहिता. एकाच संस्थेत दोन फलकांसाठी दोन व्याकरणे का असावीत?

इथे फटीचा आकार पाहण्यासारखा आहे. ४ टक्क्यांना महिन्याच्या जमेने फट पडते ०.०७ ची, १२ टक्क्यांना ०.६८ ची. दर तिप्पट, फट जवळपास नऊपट. व्याजावरचे व्याज दराच्या वर्गाप्रमाणे वाढते, कारण एकदा दराने व्याज तयार होते आणि मग त्याच दराने ते व्याज वाढते. म्हणून बचत खात्यावर ज्याला आठ पैसे म्हणून हसण्यावारी नेता येते, तेच कर्जाच्या बाजूला हसण्यासारखे राहत नाही. उलट दर खाली गेला की फट नाहीशीच होते. भारतीय स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत दर २.५० टक्के केला. दर तीन महिन्यांनी व्याज जमा धरले तर तिथे प्रत्यक्ष उत्पन्न २.५२ होते. एवढ्या कमी दराला व्याज किती वेळा जमा होते यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे दरच पाहावा.

सभासदांनी स्वतःची पासबुके कशी तपासावीत तेही थोडक्यात लिहिते, कारण बऱ्याच जणांनी विचारले. पासबुकात व्याजाच्या नोंदी शोधा. दोन नोंदींमध्ये किती महिन्यांचे अंतर आहे ते पाहा. पत्रकात काहीही असो, जमा किती वेळा होते ते तिथे कळते. मग एका नोंदीतल्या व्याजाला ३६,५०० ने गुणा आणि दराने भागा. जो आकडा येतो तो त्या काळातल्या रोजच्या अखेरच्या शिलकींची बेरीज असायला हवी. माझे ३० सप्टेंबरचे २,००५ रुपये घेतले तर येतात सुमारे १ कोटी ८२ लाख ९६ हजार. १८३ दिवस रोज १ लाख, म्हणजे १ कोटी ८३ लाख. चार हजारांचा फरक व्याज पूर्ण रुपयांत केल्यामुळे. तो जुळला, म्हणजे संस्थेची मोजणी चोख आहे आणि रोजच्या शिलकीवर आहे, हे मी खात्रीने म्हणू शकते. आकडा बेरजेच्या खूप खाली आला असता तर समजावे की शिल्लक दुसऱ्याच पद्धतीने धरली जाते आहे, किंवा मध्येच दर बदलला आहे.

एक गोष्ट तपासताना लोक हमखास चुकतात. ज्यांनी मार्चअखेरच्या आधी जमा झालेले व्याज काढून खर्च केले, त्यांना वर्षाच्या बेरजेत ४,०४० दिसणार नाहीत, ४,००० च दिसतील. ती संस्थेची चूक नाही. व्याज रुजायला घालण्याआधीच खाल्ले, मग त्याला फळ कसे धरेल? तसेच कुणी ऑगस्टमध्ये खाते बंद केले असेल तर त्याला त्या दिवसापर्यंतचे साधे व्याज मिळते, ४.०४ चा हिशेब त्याला लागूच होत नाही. प्रत्यक्ष वार्षिक उत्पन्न हा आकडा पैसे वर्षभर न हलवणाऱ्याचा असतो. बचत खाते हे हलवण्यासाठीच असल्यामुळे तो फार थोड्यांना तंतोतंत मिळतो, आणि पत्रकात तो छापायचाच असेल तर शेजारी हेही छापावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी लेखी मागणी देत आहे. पत्रकातले आणि काउंटरमागच्या फलकावरचे ४.०८ काढून ४.०४ करावे. त्याखाली एक ओळ घालावी: ‘व्याज रोजच्या अखेरच्या शिलकीवर मोजले जाते आणि ३० सप्टेंबर व ३१ मार्चला जमा होते.’ कर्जाच्या फलकावर १२ च्या शेजारी १२.६८ लिहावे, किंवा दोन्ही फलकांवर नुसतेच घोषित दर ठेवावेत. निवड तुमची, पण दोन्हीकडे एकच.

यापुढे जाऊन बँकांप्रमाणे दर तीन महिन्यांनी व्याज जमा करायचे ठरवले तर त्याचा खर्चही सांगते, म्हणजे ‘संस्थेला परवडत नाही’ हे उत्तर मोजूनमापून येईल. हलत नसलेल्या लाखामागे वर्षाला २० रुपये. समजा बचत खात्यांवर एकूण २० कोटी असतील तर वर्षाला जास्तीत जास्त ४०,००० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकांना बचतीचे व्याज तीन महिन्यांनी किंवा त्याहून कमी मुदतीने जमा करावेच लागते. आपल्याला ते बंधन नाही, मी त्याचा आग्रहही धरत नाही. मंडळाला ते ४०,००० दुसरीकडे खर्चायचे असतील तर तसे सभेत सांगावे. ४.०४ देऊन ४.०४ लिहिणाऱ्या संस्थेत माझे खाते राहील.

फुलवालीने अजून खाते उघडलेले नाही. ती म्हणते, सभेत काय होते ते कळले की मग पाहू. ती सभासद नसल्यामुळे तिला आत येता येणार नाही, म्हणून तिचे पोस्टाचे पासबुक, तिच्या परवानगीने, मी माझ्याबरोबर आणणार आहे. माझी दोन्ही, बचतीचे आणि कर्जाचे, असतीलच. लेखापरीक्षकांनाही त्या दिवशी बोलवावे, ही विनंती.

आपली,
फोंड्यातील एक सभासद